दोन तपासण्यांच्या मधले आठवडे : गरोदरपणातल्या बीपीचा इतिहास आणि वर्धा जिल्हा

मागच्या व्याख्यानानंतर काही श्रोत्यांनी विचारलं होतं, की गरोदर बाईला दर वेळी तेच ते का करायला लावतात. वजन करा, दंडाला पट्टा बांधा, लघवीची बाटली द्या. बाई ठणठणीत आहे, पोटात बाळ हलतंय, मग दर पंधरवड्याला शेतातली मजुरी बुडवून दवाखान्यात कशाला जायचं? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर इतिहासात सापडतं, म्हणून आजचं व्याख्यान त्याच प्रश्नावर ठेवलं आहे. हा इतिहास लंडनमध्ये सुरू होतो आणि आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या एका नेहमीच्या रिवाजापाशी येऊन थांबतो. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, हा तो रिवाज. या रिवाजाचा आणि बीपीच्या पट्ट्याचा काय संबंध, ते पुढे येईलच.

आधी आजाराबद्दल थोडं. गरोदरपणाच्या विसाव्या आठवड्यानंतर काही बायकांचा रक्तदाब वाढू लागतो आणि त्याबरोबर लघवीतून प्रथिनं जाऊ लागतात, किंवा यकृत, मूत्रपिंड, रक्त, मेंदू यांपैकी कशावर तरी परिणाम दिसू लागतो. याला प्री-एक्लॅम्प्सिया म्हणतात. तो वाढत गेला आणि बाईला झटके आले, की त्याला एक्लॅम्प्सिया म्हणतात. एक्लॅम्प्सिया हा शब्द ग्रीक आहे, त्याचा अर्थ वीज चमकावी तसं अचानक काहीतरी होणं. ज्यांनी हे नाव दिलं, त्यांना तो आजार तसाच दिसत होता. काल बरी असलेली बाई आज तोंडाला फेस येऊन आखडते आणि पुढच्या काही तासांत जाते. त्यांच्या हाती मोजायचं साधन नव्हतं, म्हणून त्यांना फक्त शेवट दिसला. आधीचे तीन-चार आठवडे दिसले नाहीत.

ते आधीचे आठवडे पहिल्यांदा दिसले ते लघवीतून. 1843 साली लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमध्ये जॉन लीव्हर नावाच्या डॉक्टरनं झटके आलेल्या बाळंतिणींची लघवी तापवून बघितली. कल्पना साधी होती. अंड्याचा पांढरा भाग तापवला की जसा घट्ट होतो, तशी लघवीत प्रथिनं असली तर ती तापवल्यावर गढूळ होते. झटके आलेल्या बहुतेक बायकांच्या लघवीत त्याला प्रथिनं सापडली, आणि निरोगी गरोदर बायकांच्या लघवीत सापडली नाहीत. म्हणजे झटका हा आभाळातून पडत नव्हता, शरीरात आधीपासून काहीतरी चालू होतं. हीच तपासणी पुढे शंभराहून जास्त वर्षं जगभर चालली. आपल्याकडच्या आरोग्य केंद्रांतही ती होती. काचेच्या नळीत लघवी घ्यायची, नळीचा वरचा भाग दिव्यावर धरायचा, गढूळपणा आला तर अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडचे थेंब टाकायचे. थेंब टाकूनही गढूळपणा गेला नाही, तर ती प्रथिनं. आता कागदाची पट्टी बुडवतात, रंग बदलतो, एक अधिक, दोन अधिक असं लिहितात. तत्त्व तेच आहे.

दुसरं साधन आलं अर्धशतकानंतर. 1896 मध्ये इटलीत रिव्हा-रोची यांनी दंडाला बांधायचा, हवा भरायचा पट्टा आणि पाऱ्याची नळी असं यंत्र केलं. 1905 मध्ये रशियात कोरोत्कोव्ह यांनी त्यात स्टेथोस्कोपची भर घातली. पट्टा सैल होताना रक्ताचा जो ठोका ऐकू येतो, तो सुरू होतो तो वरचा आकडा आणि बंद होतो तो खालचा आकडा. आज उपकेंद्रातली सिस्टर कानाला नळ्या लावून जे ऐकते, ते हेच.

पण साधन हातात आल्यानंतरही एक प्रश्न उरला. मोजायचं कधी, आणि किती वेळा? हा वैद्यकाइतकाच प्रशासनाचाही प्रश्न होता. 1929 साली ब्रिटनच्या आरोग्य मंत्रालयानं प्रसूतिपूर्व तपासणी केंद्रांसाठी एक टिपण काढलं. त्यात वेळापत्रक होतं. पहिली तपासणी सोळाव्या आठवड्यात, मग चोविसाव्या, मग अठ्ठाविसाव्या. तिथून छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत दर पंधरा दिवसांनी, आणि छत्तिसाव्यानंतर दर आठवड्याला. या वेळापत्रकाचा आकार नीट बघा. सुरुवातीला विरळ, शेवटी दाट. ज्या काळात बाईला सगळं बरं वाटतं आणि घरचे म्हणतात "आता काय, झालंच की", नेमक्या त्याच काळात तपासण्या जवळजवळ येतात. कारण हा आजार बहुधा शेवटच्या तीन महिन्यांत डोकं वर काढतो, आणि एकदा काढलं की काही दिवसांत पुढे जाऊ शकतो.

गंमत अशी, की हे वेळापत्रक करणाऱ्यांचा आजाराबद्दलचा समज चुकीचा होता. त्या काळी त्याला टॉक्सिमिया म्हणत, म्हणजे रक्तात विष होणं. आपल्याकडच्या जुन्या डॉक्टरांच्या तोंडी हा शब्द अजून ऐकू येतो. असं कुठलंही विष कधी सापडलं नाही. आज जे कळलं आहे ते असं. बाळाची वार, म्हणजे प्लॅसेंटा, गर्भाशयात रुजते तेव्हा तिथल्या बारीक रक्तवाहिन्या रुंद व्हायला हव्यात. काही बायकांत त्या पुरेशा रुंद होत नाहीत. मग वारेला रक्त कमी पडतं आणि ती आईच्या रक्तात काही प्रथिनं सोडते, त्यांतल्या एका महत्त्वाच्या प्रथिनाचा धागा 2003 साली अनंत करुमंची आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या संशोधनात हाती लागला. या प्रथिनांमुळे आईच्या सगळ्या शरीरातल्या रक्तवाहिन्यांचं अस्तर बिघडतं. म्हणून एकाच आजारात डोकं, डोळे, यकृत, मूत्रपिंड, सगळीकडे त्रास होतो. आणि म्हणूनच खरा उपाय एकच, वार बाहेर येणं, म्हणजे बाळंतपण. बाकी सगळे उपाय तोवर बाईला सांभाळण्याचे. समज चुकीचा होता तरी वेळापत्रक कामाला आलं, कारण ते समजावर उभं नव्हतं. आजार कुठल्या आठवड्यांत येतो, या निरीक्षणावर उभं होतं.

आता वर्ध्याकडे येऊ. गांधीजी 1936 साली वर्ध्याजवळच्या सेगावात राहायला आले, त्या गावाचं पुढे सेवाग्राम झालं. आश्रमात औषधं देण्याचं काम डॉ. सुशीला नायर करत. 1944 मध्ये कस्तुरबा गेल्या, आणि त्यांच्या स्मरणार्थ 1945 मध्ये सेवाग्रामला बायका आणि मुलांसाठी पंधरा खाटांचं कस्तुरबा रुग्णालय सुरू झालं. हे रुग्णालय सुरुवातीपासून बायका-मुलांसाठीच होतं, ही गोष्ट आमच्या मते महत्त्वाची आहे. सुशीलाताई पुढे केंद्रात आरोग्यमंत्री झाल्या, आणि 1969 साली, गांधी शताब्दीच्या वर्षी, त्याच ठिकाणी महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था उभी राहिली. खेड्यात उभं राहिलेलं ते देशातलं पहिलं वैद्यकीय महाविद्यालय. तिथे प्रत्येक नव्या तुकडीला एक गाव दत्तक दिलं जातं आणि विद्यार्थी गावातल्या कुटुंबांकडे जात राहतात.

सेवाग्रामच्या आसपासच्या गावांत डॉ. उल्हास जाजू यांनी ज्वारीच्या वर्गणीवर एक आरोग्य विमा चालवला. सुगीला प्रत्येक कुटुंबानं आपापल्या ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यायची आणि त्या बदल्यात रुग्णालयात उपचार मिळवायचे. त्यात एक बारीक भेद होता. आधीपासून ठाऊक असलेल्या गोष्टी, जसं साधं बाळंतपण, यांचा काही खर्च कुटुंबानं उचलायचा, अवचित येणारं आजारपण मात्र फुकट. आम्ही हे सांगतो ते एवढ्यासाठी, की प्री-एक्लॅम्प्सिया या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी बसतो. कुठल्या बाईला होईल हे आधी नक्की सांगता येत नाही, म्हणून तो अवचित. पण कुठल्या आठवड्यांत येईल आणि कशानं दिसेल हे चांगलं ठाऊक आहे, म्हणून तितकासा अवचितही नाही. फक्त त्या आठवड्यांत कुणीतरी पट्टा बांधायला हवा.

आणि इथेच आपला रिवाज आडवा येतो. हा आजार पहिलटकरणीला जास्त होतो. पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी जाते. सातव्या महिन्यात डोहाळजेवण होतं, ओटी भरतात, आणि सातव्या-आठव्या महिन्यात भाऊ किंवा वडील येऊन तिला घेऊन जातात. म्हणजे अठ्ठाविसावा ते छत्तिसावा आठवडा, जिथे 1929 च्या कागदावर दर पंधरा दिवसांची तपासणी लिहिली होती, नेमक्या त्याच आठवड्यांत तिचं उपकेंद्र बदलतं, सिस्टर बदलते, आशाताई बदलते. रिवाजात वाईट काही नाही. दमलेल्या पोरीला आईच्या हातचं मिळावं, यासाठीच तो आहे. पण नोंदवहीच्या दृष्टीनं बघितलं तर ती मुलगी दोन गावांच्या मधे हरवते. सासरच्या यादीत "माहेरी गेली" असा शेरा पडतो, आणि माहेरच्या यादीत तिचं नाव अजून चढलेलं नसतं.

एक उदाहरण घेऊन हे आकड्यांत बघू. हे उदाहरण आम्ही समजण्यासाठी रचलं आहे, पण यातलं काहीच नवलाचं नाही. समजा, एक मुलगी आहे, वय बावीस, सासर हिंगणघाट तालुक्यात, माहेर आर्वी तालुक्यात, पहिलंच बाळ. दहाव्या आठवड्यात सासरच्या उपकेंद्रात नाव नोंदवलं. बीपी 106/68. विसाव्या आठवड्यात 100/62. बीपी उतरलं म्हणून घाबरायचं नाही, गरोदरपणाच्या मधल्या काळात ते थोडं खाली जातंच. तिसाव्या आठवड्यात 112/72, लघवी साफ. सगळं छान. एकतिसाव्या आठवड्यात ओटी भरली आणि ती आर्वीकडे गेली. सामानात साड्या आहेत, लोणच्याची बरणी आहे, पण माता-बाल संरक्षण कार्ड सासरच्या कपाटातच राहिलं.

आपल्या सरकारी कार्यक्रमात निदान चार तपासण्या धरल्या आहेत. पहिली बाराव्या आठवड्याच्या आत, दुसरी चौदा ते सव्वीस, तिसरी अठ्ठावीस ते चौतीस, आणि चौथी छत्तिसाव्या आठवड्यापासून पुढे. जागतिक आरोग्य संघटनेनं 2016 पासून आठ भेटी सांगितल्या आहेत, चार पुरत नाहीत म्हणूनच. आपल्या मुलीच्या तीन तपासण्या झाल्या आहेत, चौथी छत्तिसाव्यानंतर कधीही. म्हणजे कागदावर तिचं काहीच चुकलेलं नाही. पण तिसाव्या आठवड्यानंतर ती थेट सदतिसाव्या आठवड्यात दवाखान्यात गेली, तर मधे सात आठवडे कोरडे गेले. जुन्या वेळापत्रकात याच काळात बत्तीस, चौतीस आणि छत्तीस अशा तीन तपासण्या होत्या.

आता याचे दोन शेवट होऊ शकतात. पहिल्यात आर्वीकडच्या आशाताईंना कळतं की अमक्याच्या घरी लेक आली आहे. त्या पस्तिसाव्या आठवड्यात तिला उपकेंद्रात नेतात, आणि सासूबाईंनी तोवर कार्ड धाडलेलं असतं. बीपी येतं 134/86. नुसता हा आकडा बघितला तर कुणीही म्हणेल, ठीक आहे, 140/90 च्या खालीच आहे की. पण कार्ड समोर आहे. विसाव्या आठवड्यात हेच 100/62 होतं. वरचा आकडा चौतीसनं चढला, खालचा चोवीसनं. याला अजून आजार म्हणता येत नाही. पूर्वी एवढ्या चढावर निदान करत असत, आता करत नाहीत, कारण अशा पुष्कळ बायका पुढेही ठीक राहतात. पण सिस्टरला हे कळतं, की हिला पंधरा दिवसांवर सोडायचं नाही, तीन-चार दिवसांत परत बोलवायचं. छत्तिसाव्या आठवड्यात बीपी 148/96, काही तासांनी पुन्हा घेतलं तरी तसंच, लघवीत प्रथिनं दोन अधिक. आता निदान झालं. तिला मोठ्या रुग्णालयात धाडलं जातं, रक्त तपासतात, बीपीच्या गोळ्या सुरू होतात, आणि सदतीस आठवडे पूर्ण झाले की कळा आणून बाळंतपण करतात. बाई चालत गेली आणि बाळ घेऊन चालत आली.

दुसऱ्या शेवटात आकडे तसेच चढले, फक्त कुणी बघितले नाहीत. सदतिसाव्या आठवड्यात तिचं डोकं दुखायला लागलं. तीन दिवस दुखलं. चौथ्या रात्री झटका आला. दवाखान्यात पोचली तेव्हा बीपी 172/114. आधीचं बीपी किती होतं, कुणाला सांगता येईना.

आता ते तीन दिवस. याच दिवसांबद्दल आम्हाला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, कारण शरीर तेव्हा सांगत असतं, आणि घरात प्रत्येक खुणेला एक तयार कारण असतं. डोकं दुखतं, तर ऊन लागलं. वर्ध्याच्या मे महिन्यात हे कारण कुणालाही पटेल. पण या आजाराचं डोकं वेगळं दुखतं. ते बहुधा सगळं किंवा कपाळाशी ठणकतं, झोपून उठलं तरी राहतं, पॅरासिटामॉल घेतली तरी जात नाही. डोळ्यांपुढे काजवे चमकतात, अंधुक दिसतं, तर अशक्तपणा आला म्हणतात. छातीच्या खाली, बरगड्यांच्या मधे किंवा उजव्या बाजूला दुखतं, उलटी होते, तर पित्त झालं म्हणून सोडा नाहीतर लिंबूपाणी देतात. तिथे खरं तर यकृताला सूज आलेली असू शकते. आणि झटका आलाच, तर मिरगी किंवा बाहेरचं काही, असं म्हणून आणखी दोन तास जातात.

सुजेचं जरा समजून घ्यायला हवं. नवव्या महिन्यात संध्याकाळी पाय सुजतात, हे खरं आहे आणि बहुतेकींना होतं. सकाळी उठल्यावर ती सूज उतरलेली असेल तर घाबरण्याचं कारण नाही. पण सूज अचानक आली, चेहऱ्यावर आली, सकाळी उठल्या उठल्या पापण्या जड दिसल्या, बोटातली अंगठी किंवा हातातल्या बांगड्या चार दिवसांत घट्ट झाल्या, तर त्याच दिवशी बीपी बघायचं. वजनावरूनही कळतं. एका महिन्यात तीन किलोपेक्षा जास्त वजन चढलं तर सिस्टरनं या आजाराची शंका घ्यावी, असं आपल्या प्रशिक्षण पुस्तिकांतही आहे. मात्र सूज नाही म्हणून आजार नाही, असं समजू नका. काही बायकांना अजिबात सूज नसते आणि बीपी 160/110 असतं. म्हणूनच सूज ही आता निदानाची अट राहिलेली नाही. खुणा दिसल्या तर धावायचं, पण खुणांची वाट बघत बसायचं नाही. खुणा येतात तेव्हा बराच उशीर झालेला असतो. आकडा त्यांच्या आधी चढतो.

झटका आला तर काय करायचं, याचाही इतिहास आहे, आणि त्यात आपल्या देशाचा वाटा आहे. 1961 साली मद्रासचे डॉ. कृष्ण मेनन यांनी तीन शामक औषधांचं मिश्रण वापरून एक्लॅम्प्सियावर इलाज करण्याची पद्धत मांडली, आणि भारतात ती पुष्कळ वर्षं चालली. अमेरिकेत त्याच काळात प्रिचर्ड मॅग्नेशियम सल्फेट देत होते. हे औषध म्हणजे साधा क्षार, स्वस्त. कुठलं चांगलं, यावर डॉक्टरांत दशकानुदशकं वाद होता. तो 1995 मध्ये मिटला. भारतासह अनेक देशांतल्या सुमारे सतराशे झटके आलेल्या बायकांवर तुलना झाली, आणि मॅग्नेशियम दिलेल्या बायकांना पुन्हा झटका येण्याचं प्रमाण डायझेपामच्या मानानं निम्म्याहून थोडं कमी निघालं. 2002 मध्ये दहा हजारांवर बायकांच्या मॅग्पाय चाचणीत दिसलं, की झटका येण्याआधी दिलं तर तो येण्याचा धोका निम्म्याहून जास्त कमी होतो. हे कळल्यानंतर आपल्याकडे सिस्टरला पहिला डोस देण्याची मुभा मिळाली. दोन्ही कुल्ल्यांत खोलवर पाच-पाच ग्रॅम, आणि लगेच मोठ्या रुग्णालयाकडे. पुढचे डोस रुग्णालयात, कारण तेव्हा बाईचा श्वास, गुडघ्याचा झटका आणि लघवीचं प्रमाण बघत राहावं लागतं. औषध जास्त झालं तर आधी गुडघ्याची प्रतिक्रिया जाते, मग श्वास मंदावतो. त्यावर उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट जवळ ठेवलेलं असतं.

बीपी उतरवण्याच्या बाबतीत तर उत्तर आपल्या शेजारच्या नागपुरात मिळालं. तिथल्या दोन सरकारी रुग्णालयांत 2015 ते 2017 या काळात फार चढलेलं बीपी असलेल्या 894 गरोदर बायकांना तीन साध्या गोळ्यांपैकी एक दिली गेली, निफेडिपिन, लॅबेटॅलॉल किंवा मिथाइलडोपा. निकाल 2019 मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आला. सहा तासांत, दुसरा काही त्रास न होता बीपी आटोक्यात आलं, असं निफेडिपिनमध्ये शंभरातल्या 84 जणींचं, आणि बाकी दोन्हींत 77 आणि 76 जणींचं. शिरेतून औषध देण्याची, सतत बघत राहण्याची सोय नसली तरी तोंडानं घेण्याच्या गोळीनं काम होतं, हे जगाला विदर्भातल्या बायकांमुळे कळलं. म्हणजे औषधं आहेत, स्वस्त आहेत, आणि जवळ आहेत. अडतं ते त्याआधी.

आता या तपासणीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत, नाहीतर आम्ही अर्धवट सांगितल्यासारखं होईल. पहिली गोष्ट, चुकीचं मोजलेलं बीपी हे न मोजल्याइतकंच घातक. बाई चालत आली, लगेच पट्टा बांधला, तर आकडा खोटा चढतो. पाच मिनिटं बसू द्यायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड काळजाच्या उंचीला. दंड जाड आणि पट्टा लहान, तरी आकडा खोटा चढतो. कुशीवर निजवून वरच्या हातावर मोजलं तर खोटा उतरतो. आणि गर्दीच्या दिवशी, मोजल्याविना सगळ्यांच्या कार्डावर 120/80 लिहिण्याचा मोह हा सगळ्यात वाईट. एकाच बाईच्या चार तपासण्यांत तोच गोल आकडा दिसला, तर घरच्यांनी नम्रपणे म्हणावं, "ताई, एकदा परत बघता का?"

दुसरी मर्यादा. तपासणीनं आजार टळत नाही, तो फक्त वेळेवर दिसतो. टाळण्यासाठी थोडं करता येतं. चौदाव्या आठवड्यापासून दिल्या जाणाऱ्या कॅल्शियमच्या गोळ्या ज्या बायकांच्या जेवणात कॅल्शियम कमी असतं त्यांना उपयोगी पडतात, आणि आधीच्या खेपेला हा त्रास झालेल्या किंवा जास्त जोखमीच्या बाईला डॉक्टर सुरुवातीच्या महिन्यांतच कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिन देतात. मीठ बंद करून मात्र काही होत नाही, हे पुष्कळ वर्षं लोकांना सांगून झाल्यावर कळलं.

तिसरी गोष्ट, बाळंतपण झालं म्हणजे सुटलो, असंही नाही. वार बाहेर आल्यावर आजार ओसरू लागतो, पण लगेच नाही. झटका बाळंतपणानंतरही येतो, बहुधा पहिल्या दोन दिवसांत, कधी त्यानंतरही. आणि तेव्हा बाई घरी असते, शेक-शेगडी चालू असते, सगळ्यांचं लक्ष बाळाकडे असतं. बाळंतिणीचं डोकं दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर कारण थंडी-वारा नाही, आधी बीपी.

शेवटी पुन्हा त्या लोणच्याच्या बरणीकडे येतो. 1843 पासून आजवर जे कळलं, ते सगळं शेवटी एका जाड कागदाच्या कार्डात बसतं, ज्यावर दहाव्या आठवड्याचा आकडा लिहिलेला असतो. तो आकडा नसेल तर पस्तिसाव्या आठवड्याच्या आकड्याला अर्थ राहत नाही. तेव्हा लेकीला न्यायला जाणाऱ्या भावानं गाडीत बसण्याआधी विचारावं, कार्ड घेतलं का. माहेरी पोचल्यावर त्याच आठवड्यात आशाताईंना निरोप द्यावा, की आमच्याकडे लेक आली आहे, इतक्या आठवड्यांची आहे. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची डॉक्टरकडून फुकट तपासणी असते, पण बत्तीस आठवड्यांनंतर फक्त 9 तारखेची वाट बघू नये. मधल्या आठवड्यांत उपकेंद्रातला पट्टा आहेच. पाच मिनिटं बसायचं, दंड पुढे करायचा, आणि आकडा कार्डावर लिहून घ्यायचा.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर आता घेऊ.